'ऑल-सीझन' या शब्दावर जाऊ नका, टायरच्या कडेवरचा डोंगर शोधा

*ताई, ऑक्टोबरमध्ये आम्ही चौघं, म्हणजे मी, हे आणि आठ व पाच वर्षांची दोन मुलं, हिवाळ्यात भरपूर बर्फ पडणाऱ्या देशात राहायला जातोय. आजवर आम्ही दोघांनी उष्ण भागातच गाडी चालवली आहे. तिथे एक जुनी गाडी जवळजवळ ठरली आहे. विकणारा म्हणतो, टायर ऑल-सीझन आहेत, हिवाळ्याला वेगळे घ्यायची गरज नाही. ह्यांच्या ऑफिसातले म्हणतात, विंटर टायर हवेतच. ह्यांचं म्हणणं, गाडी पुढच्या चाकांवर चालते, तर पुढे दोन विंटर टायर घालू, मागचे राहू देत. त्या टायरवर २०५/५५ आर १६ ९१ एच, एम+एस आणि शेवटी ३७१९ असं लिहिलंय, नक्षी ४ मिलिमीटर उरली आहे. मुलांची शाळा ९ किलोमीटरवर आहे, शाळेच्या अलीकडे उतार आहे. जानेवारीत सकाळी उणे १० असतं म्हणे. तीन तऱ्हेच्या टायरमध्ये नेमका फरक काय आणि आम्ही काय करावं?*

सगळ्यात आधी निर्णय सांगते, म्हणजे गाडीचा व्यवहार करताना तो तुमच्या हाताशी राहील. चारही चाकांना खरे हिवाळी टायर घ्या आणि ते वेगळ्या रिमवर बसवून घ्या. गाडीसोबत येणारे टायर पहिल्या हिवाळ्यात चालवू नका. ते एका उन्हाळ्यापुरते वापरता येतील, त्याबद्दल पुढे सांगते. गाडीची किंमत ठरवताना मात्र त्या टायरची किंमत शून्य धरा. विकणारा तुम्हाला फसवतोय असं मी म्हणत नाही. 'ऑल-सीझन' हा शब्द तो त्याच्या समजुतीने वापरतोय, आणि सगळी गडबड त्या शब्दातच आहे.

मराठीत आपण आभाळातून पडतो त्यालाही बर्फ म्हणतो आणि डबक्यात गोठतो त्यालाही. टायरच्या बाबतीत या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून या उत्तरापुरतं पडणाऱ्याला हिम म्हणते आणि गोठलेल्या पाण्याला बर्फ.

हिवाळी टायर म्हणजे खोल नक्षीचा टायर, असं बहुतेकांना वाटतं. नक्षी महत्त्वाची आहेच, पण त्याहून आधी येतं रबर. रस्ता वरून सपाट दिसला तरी जवळून खडबडीत असतो. मऊ रबर त्या बारीक खड्ड्याउंचवट्यांत शिरतं आणि त्यातून पकड मिळते. थंडी वाढली की रबर कडक होत जातं. उन्हाळी टायरचं रबर तापलेल्या डांबरावर विरघळल्यासारखं मऊ पडू नये, लवकर झिजू नये, अशा बेताने बनवलेलं असतं. साधारण ७ अंशांच्या खाली ते ताठर होऊ लागतं आणि उणे १० ला त्याची लवचिकता बरीचशी गेलेली असते. फार वेगवान गाड्यांच्या उन्हाळी टायरबद्दल तर काही कंपन्या सांगतात की कडाक्याच्या थंडीत गाडी हलवूसुद्धा नका, रबराला भेगा जातील. हिवाळी टायरच्या रबराचं मिश्रण वेगळं असतं, ते उणे तापमानातही लवचिक राहतं. दोन्ही टायर रात्रभर बाहेर थंडीत ठेवा आणि सकाळी नक्षीच्या एका ठोकळ्यावर अंगठ्याचं नख दाबा. हिवाळी टायरचं रबर नखाखाली थोडं दबेल, उन्हाळी टायरचं जवळजवळ दबणार नाही.

हा ७ चा आकडा तुम्हाला तिथे प्रत्येक जण सांगेल. ती लक्ष्मणरेषा नाही. ५ अंशांवर कोरड्या रस्त्यावर चांगला उन्हाळी टायर अजूनही उत्तम थांबतो. आकड्याचा उपयोग एवढाच की सकाळचं तापमान रोज ७ च्या खाली जायला लागलं की टायर बदलायची वेळ झाली असं समजावं. कारण पहिलं हिम पडल्यावर सगळं गाव एकाच दिवशी गॅरेजच्या दारात उभं राहतं.

आता नक्षी. नवा हिवाळी टायर जवळून बघा. मोठ्या खोबणींमधल्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने ओढल्यासारख्या, नागमोडी, अगदी बारीक चिरा दिसतील. एकेका ठोकळ्यावर पाच-सहा सहज. टायर हिमावर टेकला की या चिरा थोड्या उघडतात, प्रत्येक चिरेची कड हिमाला धरते आणि थोडं हिम चिरेत व खोबणीत दाबून बसतं. मुलांनी हिमाचा गोळा केला की तो घट्ट होतो ना, हिमाला हिम चिकटतं. तसंच टायरमध्ये भरलेलं हिम रस्त्यावरच्या हिमाला धरून ठेवतं. म्हणून हिवाळी टायरच्या खोबणीत पांढरं दिसलं तर घाबरायचं कारण नाही. उन्हाळी टायरला लांब सरळ खोबणी असतात, त्या पाणी बाहेर काढण्यासाठी. बारीक चिरा जवळजवळ नसतातच. त्याचा पृष्ठभाग हिमाने लिंपला जातो आणि गुळगुळीत चाकासारखा घसरतो.

ऑल-सीझन या दोहोंच्या मधला. पण मधला म्हणजे नेमका कुठे, हे देशावर अवलंबून आहे. उत्तर अमेरिकेत नव्या गाडीला जे ऑल-सीझन लागून येतात त्यांतल्या बऱ्याच टायरवर फक्त 'एम+एस' असतं, म्हणजे चिखल आणि हिम. हा शिक्का टायर कंपनी स्वतःच मारते, नक्षीच्या खोबणींची रचना अमुक प्रकारची असली की पुरे. त्यासाठी हिमावर टायर चालवून बघावा लागत नाही आणि रबर थंडीला कसं वागतं याचा तर प्रश्नच येत नाही. युरोपात मात्र आज ऑल-सीझन म्हणून जे नवे टायर विकतात त्यांच्यावर सहसा दुसरी खूण असते, तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमाची चांदणी. ही खूण चाचणीशिवाय मिळत नाही. दाबलेल्या हिमावर एका ठरावीक संदर्भ टायरशी तुलना करून नव्या टायरची पकड ठरलेल्या प्रमाणात जास्त भरावी लागते. अमेरिका आणि कॅनडात अशीच डोंगराची खूण असलेला, वर्षभर चालणारा टायर 'ऑल-वेदर' या नावाने मिळतो. म्हणजे तिथे ऑल-सीझन आणि ऑल-वेदर या दोन वेगळ्या वस्तू झाल्या. नाव ऐकून काहीच ठरत नाही, खाली वाकून टायरची कड वाचावी लागते.

तुम्ही जिथे जाताय तिथला कायदाही बहुधा याच खुणेकडे बघतो. जर्मनीत हिमाच्छादित किंवा गोठलेल्या रस्त्यावर चालवायच्या टायरला १ ऑक्टोबर २०२४ पासून डोंगराची खूण लागते. नुसता एम+एस चालत नाही. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत आणि तिथेही खूण हीच. काही देशांत तारखा असतात, काही ठिकाणी रस्त्याची अवस्था बघतात, काही ठिकाणी सक्तीच नसते. सक्ती नसली तरी हिम तेवढंच घसरडं असतं. टायरमुळे अपघात झाला तर विम्याचा वाद होऊ शकतो, तेव्हा विमा घेतानाच टायरबद्दलचं कलम वाचून घ्या.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात मीही 'ऑल-सीझन' ऐकून निर्धास्त होते. गाडी विकणाऱ्याने तोच शब्द वापरला होता. डिसेंबरमधली उणे १२ ची सकाळ, रस्त्यावर रात्रीचं हिम चाकांनी दाबून पांढरं, घट्ट झालेलं. समोर उतार आणि खाली थांबायची रेघ. वेग २५ सुद्धा नसेल. ब्रेक दाबला, पायाखाली एबीएसची खडखड सुरू झाली, आणि गाडी तशीच खाली जात राहिली. स्टिअरिंग वळवलं, तोंड किंचित फिरलं, पण गाडी सरळच गेली. रेघेच्या पुढे दोन गाड्यांएवढं अंतर जाऊन चौकाच्या मधोमध थांबली. त्या क्षणी चौकात कुणी नव्हतं म्हणून मी हे लिहू शकतेय. संध्याकाळी गॅरेजमधल्या माणसाने काही न बोलता टायरची कड पुसली आणि बोटाने दाखवली. एम+एस होतं, डोंगर नव्हता.

त्या सकाळचा हिशोब मी नंतर कागदावर केला. तुमच्या शाळेच्या रस्त्यालाही तो लागू पडतो, म्हणून इथे मांडते. दाबलेल्या हिमावर चांगल्या हिवाळी टायरची पकड म्हणजे घर्षणांक सुमारे ०.३ धरा आणि अर्धा झिजलेल्या एम+एस टायरची ०.२. हे हिशोबापुरते आकडे आहेत, रोजच्या हिमाप्रमाणे ते खालीवर होतात. वेग ताशी ४० किलोमीटर. ब्रेक लागल्यापासून सपाटीवर पहिली गाडी सुमारे २१ मीटरवर थांबते, दुसरी ३१ मीटरच्या पुढे. दहा मीटरचाच फरक आहे, असं वाटेल. पण पहिली गाडी जिथे थांबली तिथे दुसरी अजून ताशी २३ च्या वेगाने जात असते. पुढे रस्ता ओलांडणारं मूल असेल तर २३ म्हणजे काय, हे मला सांगायला नको. आता हाच हिशोब उतारावर करा. शंभर मीटरला सहा मीटर उतरणारा रस्ता धरला तर उतार पकडीतला काही हिस्सा खाऊन टाकतो. ०.३ चे ०.२४ उरतात, ०.२ चे ०.१४. पहिली गाडी २६ मीटरवर थांबते, दुसरी ४५ वर. सपाटीवरचा दहा मीटरचा फरक उतारावर एकोणीस झाला. पकड जितकी कमी, तितका उतार महाग पडतो. शाळेच्या अलीकडचा उतार तुम्ही पत्रात लिहिलात, आणि माझा निर्णय मुख्यतः त्या एका ओळीवर झाला.

या हिशोबात गाडीला फोर-व्हील ड्राइव्ह आहे की नाही हे कुठेच येत नाही, हे ध्यानात घ्या. चारही चाकांना ताकद मिळाली तर गाडी जागची सुटते छान, चढ चढते छान. थांबताना मात्र टायर जेवढं धरेल तेवढंच. एबीएसही पकड निर्माण करत नाही. असलेली पकड जाऊ न देता स्टिअरिंग तुमच्या हातात ठेवतो, एवढंच त्याचं काम.

आता पुढे दोनच हिवाळी टायर घालण्याचा विचार. तुमच्या यजमानांचा तर्क गाडी सुटण्यापुरता बरोबर आहे. पुढची चाकं ओढतात, त्यांना पकड मिळाली की गाडी निघेल. अडचण निघाल्यानंतर येते. ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि मागची चाकं हलकी होतात. पुढे चांगली पकड, मागे कमी, अशी स्थिती असेल तर पुढचा भाग मंदावतो आणि मागचा भाग त्याला ओलांडून पुढे यायला बघतो. वळणावर पाय उचलला तरी पुरे, मागची बाजू बाहेर फेकली जाते आणि गाडी स्वतःभोवती फिरते. चारही टायर वाईट असतील तर गाडी निदान सरळ घसरते आणि चालवणाऱ्याला निघतानाच कळतं की रस्ता घसरडा आहे. पुढचेच दोन चांगले असले की तो इशाराही मिळत नाही. गाडी छान निघते, छान वळते, आणि पहिल्या उतरत्या वळणावर मागून सुटते. गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही शेवटी प्रत्येक चाकाला ब्रेक लावूनच काम करते, आणि मागचं चाक धरतच नसेल तर ती काय करणार? म्हणून टायर चार, एकाच जातीचे, एकाच नक्षीचे. यात तडजोड नको. पैसे कमी पडत असतील तर दोन हिवाळी टायरपेक्षा डोंगराची खूण असलेले साधे चार ऑल-सीझन मी कधीही पसंत करीन.

गाडीवरचे टायर आता तुमच्या पत्रातून वाचू. २०५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ५५ म्हणजे टायरच्या कडेची उंची रुंदीच्या ५५ टक्के, १६ हा रिमचा व्यास इंचांत. ९१ म्हणजे एक टायर ६१५ किलो वजन पेलतो आणि एच म्हणजे ताशी २१० पर्यंत. शेवटचे चार आकडे टायरची जन्मतारीख सांगतात. ३७१९ म्हणजे २०१९ सालचा ३७ वा आठवडा, सप्टेंबरचा मध्य. टायर न चालवताही रबर वर्षांगणिक कडक होतं, आणि या रबरात थंडीसाठी मुळातच फारसं काही नव्हतं. ४ मिलिमीटर नक्षी बऱ्याच देशांत कायद्याने चालते, कारण युरोपात किमान मर्यादा १.६ आहे. पण नवा हिवाळी टायर ८ ते ९ मिलिमीटरचा असतो आणि ४ च्या खाली गेला की हिमावर त्याचा उपयोग झपाट्याने संपतो. ऑस्ट्रियात तर ४ पेक्षा कमी नक्षीचा टायर हिवाळी टायर म्हणून धरतच नाहीत. तेव्हा तुमचे टायर वयाने, नक्षीने आणि खुणेने, तिन्ही बाजूंनी हिवाळ्यातून बाद. पावसात ३ मिलिमीटरपर्यंत बरे चालतात, म्हणून कडेला भेगा नसतील आणि आतल्या बाजूची झीज सारखी असेल, तर वसंतापासून शरदापर्यंत एक हंगाम ते वापरा. त्यानंतर तिथे साधे उन्हाळी टायर घ्या. ज्या घरात हिवाळी टायरचा वेगळा जोड आहे तिथे उरलेल्या महिन्यांसाठी ऑल-सीझन घेण्यात अर्थ नाही. ओल्या, उबदार रस्त्यावर उन्हाळी टायरच जास्त लवकर थांबवतो.

ऑल-सीझनला माझा सरसकट विरोध नाही. डोंगराची खूण असलेला चांगला ऑल-सीझन काही घरांना नेमका बसतो. हिवाळा शून्याच्या आसपास घुटमळतो, वर्षात मोजके दिवस हिम पडतं, रस्ते लगेच साफ होतात, आणि फारच वाईट दिवस आला तर गाडी घरी ठेवून बसने जाता येतं, अशा घराने दोन जोड सांभाळायची यातायात करू नये. तुमचं तसं नाही. शाळा रोजची आहे, सकाळची आहे, आणि उणे १० ला हा टायर खऱ्या हिवाळी टायरच्या मागे पडतो. डोंगराची खूण हा पास होण्याचा गुण आहे. पस्तीस मिळवणाराही पास आणि नव्वद मिळवणाराही पास. शिवाय ती खूण हिमावरची पकड सांगते, बर्फावरची नाही.

बर्फाबद्दल एक गोष्ट सांगून ठेवते, कारण नवख्या माणसाला ती उलटी वाटते. उणे १५ ला बर्फ जितका घसरडा असतो त्याहून उणे १-२ ला जास्त असतो, कारण शून्याजवळ त्याच्यावर पाण्याचा पातळ थर येतो. म्हणून ऊन पडलेली, जरा सुखद वाटणारी दुपार आणि त्यानंतरची संध्याकाळ जपून चालवावी. चौकातला रस्ता चाकं घासून घासून काचेसारखा झालेला असतो, तिथे तर नक्कीच. जिथे अशा बर्फाचेच महिने असतात, तिथे हिवाळी टायरमध्येही दोन घराणी दिसतील. एक मध्य युरोपातलं, ओल्या रस्त्यावर आणि मोठ्या वेगाला चालणारं, थोडं घट्ट रबर. दुसरं उत्तरेकडचं, फार मऊ रबर, भरपूर चिरा, बर्फावर उत्तम, पण शून्याच्या वरच्या ओल्या रस्त्यावर काहीसं कमी. खिळे मारलेले टायर हा त्यापुढचा प्रकार, काही देशांत चालतो आणि जर्मनीसारख्या देशांत बंद आहे. युरोपात विकत घेत असाल तर मे २०२१ पासूनच्या टायरच्या लेबलवर हिमाचं चित्र आणि बर्फाचं चित्र वेगवेगळं छापलेलं असतं. तुमच्या गावात हिवाळाभर रस्ता पांढराच राहतो की दोन दिवसांत काळा होतो, हे शेजाऱ्यांना विचारा. पांढरा राहत असेल तर उत्तरेकडचं घराणं, काळा होत असेल तर मध्य युरोपातलं.

आकार निवडताना एक युक्ती आहे. बऱ्याच गाड्यांच्या कागदपत्रांत मूळ आकाराबरोबर थोडा अरुंद टायर आणि लहान रिमसुद्धा मान्य केलेली असते. तुमच्या २०५/५५ आर १६ ऐवजी १९५/६५ आर १५ असू शकतो. दोन्हींचा एकूण व्यास जवळजवळ सारखाच भरतो, तीनेक मिलिमीटरचा फरक, म्हणून वेगाचा काटा चुकत नाही. अरुंद टायर हिम आणि चिखलाळ पाणी कापून खाली जातो, कड उंच असल्याने खड्ड्यात रिम वाचते, आणि लहान आकार सहसा स्वस्तही पडतो. फक्त १५ ची रिम तुमच्या गाडीच्या ब्रेकवर बसते का, हे गाडीच्या पुस्तकातून किंवा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवरून खात्री केल्याशिवाय घेऊ नका. वजनाचा आकडा ९१ पेक्षा कमी नको. वेगाचं अक्षर मात्र हिवाळी टायरला बऱ्याच देशांत थोडं खालचं चालतं, टी म्हणजे १९०, आणि हिमाच्या रस्त्याला ते पुरून उरतं.

वेगळ्या रिमचा खर्च सुरुवातीला खुपेल. साध्या लोखंडी रिम घ्या, दिसायला नकोत. रिम एकच असतील तर वर्षातून दोनदा टायर उतरवून दुसरा चढवावा लागतो. दर वेळी मजुरी, आणि टायरची कड ताणली जाते ती वेगळीच. वेगळ्या रिमवर असले की अख्खं चाक बदलायचं, काम अर्ध्या तासाचं. हवा कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा चाकातल्या सेन्सरवर चालत असेल तर दुसऱ्या जोडातही सेन्सर लागतील, ते भावात धरा. आणि दोन जोड म्हणजे दुप्पट खर्च नव्हे. एक जोड चालतो तेव्हा दुसरा झिजत नाही, त्यामुळे दोन्ही जास्त वर्षं पुरतात. हिवाळी टायर वर्षभर चालवून मात्र पैसे वाचवायला जाऊ नका. उन्हात ते मऊ रबर खडूसारखं झिजतं आणि गरम रस्त्यावर थांबायचं अंतर वाढतं.

चाकं बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटर झाले की नट पुन्हा कसून घ्या, पुस्तकात दिलेल्या मापाने. नव्या टायरवर पहिले काही शे किलोमीटर सबुरीने चालवा, वरची चकाकी गेल्याशिवाय ते पूर्ण धरत नाहीत. आणि हवा नेहमी थंड टायरमध्ये, बाहेरच्या थंडीत भरा. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की साधारण एक पीएसआय हवा कमी होते. गरम गॅरेजमध्ये २० अंशांवर ३३ भरलेली हवा उणे १५ च्या सकाळी २७ वर येते. गॅरेजने बरोबरच भरलेली असते, तरी तुम्ही कमी हवेवर फिरत असता.

पहिलं हिम पडलं की मुलांना घरी ठेवून तुम्ही दोघं एखाद्या मोकळ्या, रिकाम्या, खांब आणि दुभाजक नसलेल्या वाहनतळावर जा. ताशी ३० ला ब्रेक पूर्ण दाबा आणि दाबूनच ठेवा. पायाखाली ती खडखड येऊ द्या, म्हणजे पुढे कधी आली तर दचकून पाय सुटणार नाही. ब्रेक दाबलेला असतानाच स्टिअरिंग थोडं वळवून बघा, गाडी वळते का, किती वेळाने वळते. मग उतरून थांबायचं अंतर पावलांनी मोजा. दोघांनीही चालवा. वसंतात चाकं उतरवताना प्रत्येकावर खडूने लिहा, पुढचं डावं, मागचं उजवं, आणि शेजारी मिलिमीटर. पुढची जास्त झिजलेली दिसतील. पुढच्या हिवाळ्यात ती मागे जातील आणि मागची पुढे. चारांतलं कुठलंही ४ ला टेकलं असेल तर नव्या टायरची चौकशी तेव्हाच, उन्हाळ्यात सुरू करा.